निबंध तपासण्याआधीची बैठक: पार्श्वभूमी

१९१२ मध्ये अमेरिकेत इंग्रजीच्या एकाच उत्तरपत्रिकेच्या प्रती शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतल्या, तेव्हा शंभरपैकी ५० पासून ९७ पर्यंत गुण पडले. असे का होते, ते तिथल्याच १९६१ च्या अभ्यासातून कळले. ३०० निबंध ५३ वाचकांना नऊ श्रेणींत लावायला दिले, निकष मात्र सांगितले नाहीत. ९४ टक्के निबंधांना किमान सात वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या. कोणी विचार पाहत होते, कोणी मांडणी, कोणी शुद्धलेखन. वाचक बेफिकीर नव्हते, फक्त प्रत्येकजण वेगळ्याच गोष्टीला गुण देत होता.

खऱ्या तपासणीआधी सगळे परीक्षक तेच पाच निबंध तपासून गुण जुळवतात, त्या तपासणीपूर्व बैठकीचे खरे काम इथेच आहे. गोव्यातल्या मराठीच्या पेपरात तर हे ठळकपणे दिसते. समजा, जत्रेवरच्या निबंधात मुलीने लिहिले: ‘फेरीत आईने खाजे घेतले. मला खूप बरे दिसले.’ पाच परीक्षकांनी त्याला दहापैकी ७, ६, ७, ४, ६ गुण दिले. चार देणाऱ्याने भाषेचे गुण शून्यावर आणले, कारण त्याच्या मते ‘फेरी’, ‘खाजे’ आणि ‘बरे दिसले’ या तिन्ही चुका. शिवाय त्याच कारणासाठी आशयाचाही एक गुण कापला.

वाद असतो तो प्रमाण गुण कोणते धरायचे, यावर. पाचांची सरासरी ६ येते आणि ती सर्वांना सोयीची वाटते. पण जी चूक दुरुस्त करायची, तीच त्या सरासरीत शिरलेली असते. म्हणून ज्येष्ठांनी आधीच कारणांसह गुण ठरवून ठेवणे आम्हाला योग्य वाटते. इथे आशय ३, मांडणी २, भाषा २, म्हणजे ७. नियमही लेखी हवा: फेरी म्हणजे जत्रेचा बाजार, खाजे म्हणजे तिथली मिठाई, ही इथली नावे, त्यांना कपात नाही, ‘बरे वाटले’ऐवजी ‘बरे दिसले’ ही कोकणी वळणाची रचना, तिला भाषेत एकदाच कपात, आशयात नाही.

बैठकीत निबंधांच्या प्रती गुण न लिहिलेल्या द्याव्यात आणि प्रत्येकाने आकडा कागदावर लिहिल्याशिवाय चर्चा सुरू करू नये. मुख्य परीक्षक आधी बोलले, की बाकीचे आकडे त्यांच्याकडे सरकतात आणि एकमत झाल्याचा नुसता भास होतो.

नंतर प्रत्येकाचा प्रमाण गुणांपासूनचा फरक निबंधागणिक, अधिक-उण्यासह पाहावा. पाचही निबंधांत दोन गुण कमी देणारा परीक्षक एखादा नियम चुकीचा लावत असतो आणि समजावल्यावर सुधारतो. एकात दोन जास्त, दुसऱ्यात दोन कमी देणाऱ्याच्या फरकांची बेरीज शून्य येते, त्यामुळे तो सुटून जातो. खरा धोका त्याचाच. अशाला नव्या पाच निबंधांवर पुन्हा बसवावे. जुन्यांचे आकडे त्याला पाठ झालेले असतात, त्यामुळे त्यांवर तो सुधारल्यासारखा दिसतो.