नागालँडचा रॉक: चर्चचा कान, सरकारचा स्टेज

नागालँडमध्ये गिटार घरोघरी का आढळतं, याचं उत्तर गिटारपेक्षा जुनं आहे. आओ नागांच्या टेकड्यांतल्या मोलुंगकिमोंग गावात अमेरिकन बाप्टिस्ट मिशनऱ्यांचं चर्च १८७२ साली उभं राहिलं. पुढे इथल्या गाण्याच्या पुस्तकांत पाच रेघांची नोटेशन कमी आणि टॉनिक सोल्फा जास्त रुळलं. डो, रे, मी, फा, सो, ला, टी यांची आद्याक्षरं आणि मात्रा दाखवायला उभ्या रेघा व विसर्गासारखी टिंबं, बस्स. चार आवाजांच्या चार ओळी एकाखाली एक लिहिलेल्या असतात. पेटीवाला गायकाच्या पट्टीप्रमाणे सा हलवतो, तसाच इथे डो हलतो.

गिटारवाल्याच्या हे किती कामाचं आहे ते बघा. पुस्तकात डो म्हणजे ई फ्लॅट असं लिहिलेलं आहे. गाण्यातले तीन मुख्य कॉर्ड डो, फा आणि सोवरचे, म्हणजे ई फ्लॅट, ए फ्लॅट आणि बी फ्लॅट. मोकळ्या तारांवर यातला एकही नीट बसत नाही. म्हणून कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, पहिल्या फ्रेटवर लावायचा आणि डी, जी, ए हे सोपे आकार धरायचे. आवाज खाली वाटले आणि डो एफवर नेला, तर कॅपो तिसऱ्या फ्रेटवर सरकतो, बोटं तीच राहतात. कॅपो फ्रेटच्या अगदी मागे हवा. दोन फ्रेटच्या मधोमध बसला तर तारा खरखरतात, फार आवळला तर सूर चढतो. चार आवाज एकत्र ऐकत वाढलेल्याला कॉर्ड कधी बदलला हे वेगळं शिकवावं लागत नाही, कारण बेसची ओळच ते सांगते.

या कानाची मर्यादा ब्लूजमध्ये दिसते. ब्लूजचा तिसरा सूर कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मध्ये कुठेतरी असतो आणि तो सोल्फात लिहिता येत नाही. गिटारवर कोमल गंधाराची तार किंचितच ताणायची असते. ती थेट शुद्धपर्यंत गेली की सूर स्वच्छ लागतो, पण ब्लूज निघून जातो.

साठ-सत्तरच्या दशकांत रेडिओ होता, कोलकात्यात बनलेली गिटारं होती. शिलाँगचे बँड तर मुंबईतल्या सिमला बीट या रॉक बँडांच्या स्पर्धेपर्यंत पोचले. कोहिमा, दिमापूरमध्ये मात्र नागा बंडखोर आणि लष्कर यांच्यातल्या संघर्षामुळे अंधार पडला की रस्ते ओस. १९८९ साली चर्चच्या रेट्यामुळे राज्यात दारूबंदी आली. बाकीच्या शहरांत नवे बँड ज्या बारमध्ये आठवड्याला दोन रात्री वाजवून हात साफ करतात, ते बारच इथे कायद्याने राहिले नाहीत. कान चर्चने दिला आणि पोटापाण्याची जागाही चर्चच्याच आग्रहाने गेली. हे बोलून दाखवायला फारसं कुणी तयार नसतं.

१९९७च्या युद्धबंदीनंतर रात्री थोड्या मोकळ्या झाल्या. २०००पासून डिसेंबरच्या सुरुवातीला हॉर्नबिल हा राज्याचा मोठा उत्सव भरू लागला, जो आता दहा दिवस चालतो, आणि त्यालाच पुढे रॉक स्पर्धा जोडली गेली. २००६ साली सरकारने संगीताला उद्योग मानून त्यासाठी स्वतंत्र यंत्रणा नेमली. वाद पेटला तो इथे. एका बाजूचं म्हणणं असं की ज्या राज्यात नोकरी म्हणजे सरकारी नोकरी, तिथे वादकालाही सरकारनेच उभं करायला हवं. दुसरी बाजू म्हणते, रस्त्यांना पैसा नाही आणि गिटारला कसा आहे? काही पाळकांचा आक्षेप उत्सवातल्या रात्रींवर होता. पहिल्या बाजूचं म्हणणं जास्त पटण्यासारखं आहे. दुसरा स्टेज नव्हताच, तेव्हा सरकार हटलं असतं तर पोकळीच उरली असती. खरी अडचण वेगळी आहे. दहा दिवसांच्या स्टेजवर वर्षभराचा धंदा उभा राहत नाही. स्पर्धेत ड्रम आणि अँप्लिफायर सामायिक असतात, वेळ मोजून मिळतो, त्यामुळे बँड त्या मोजक्या मिनिटांपुरताच बसवला जातो. दोन तासांचा कार्यक्रम पेलायची सवय त्यातून लागत नाही.

हा उत्सव जिथे भरतो त्या कोहिमाजवळच्या किसामाच्या उघड्या स्टेजवर डिसेंबरची थंडीही आडवी येते. उबदार खोलीत जुळवलेलं गिटार बाहेर आणलं की पोलादी तारा आकसतात, सूर चढतात. नंतर दिव्यांच्या उष्णतेने तेच सूर उतरतात. जाणते वादक वीस-एक मिनिटं आधीच गिटार स्टेजच्या कडेला, बाहेरच्या हवेत ठेवतात, शेवटचं ट्यूनिंग तिथेच करतात आणि दोन गाण्यांच्या मध्ये पुन्हा तपासतात.

दारूबंदी उठवावी का, हा प्रश्न विधानसभेत आणि बाहेर अधूनमधून निघतो आणि चर्च दर वेळी विरोधात उभं राहतं. दरम्यान चर्चचे हॉल आणि शाळांची सभागृहं हीच बहुतेकांची तालमीची जागा आहे.