जिवाणू, विषाणू आणि न लागलेलं दही

‘विषाणू’ या शब्दात ‘विष’ आहे आणि ‘जिवाणू’ या शब्दात ‘जीव’. त्यामुळे पहिले सगळे घातक आणि दुसरे बरेचसे भले, अशी समजूत घट्ट बसली आहे. तिच्याच जोडीला दुसरी समजूत येते, ती म्हणजे अँटिबायोटिक वाईट जंतू मारतं आणि चांगल्यांना सोडतं. दोन्ही चुकीच्या आहेत आणि दोन्हींचं मूळ एकच आहे. ‘उपयुक्त की घातक’ आणि ‘जिवाणू की विषाणू’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर तो सूक्ष्मजीव कुठे आहे आणि काय करतो यावर ठरतं, दुसऱ्याचं उत्तर त्याच्या रचनेवर. औषधाला फक्त रचना कळते.

दही कोण लावतं?

हे बहुतेकांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात. विरजणातले स्ट्रेप्टोकॉकस आणि लॅक्टोबॅसिलस गटांतले जिवाणू दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात. ताज्या दुधाचा पीएच सुमारे ६.७ असतो. तो ४.६ च्या आसपास आला की केसिन हे प्रथिन एकमेकांना चिकटतं आणि दूध घट्ट होतं. दूध ४० ते ४५ अंश सेल्सिअस गरम असावं आणि लिटरमागे दोन चमचे विरजण पुरतं. दूध ६० अंशांवर असताना विरजण घातलं तर बरेचसे जिवाणू मरतात. जास्त विरजण घातल्याने दही चांगलं लागत नाही, फक्त लवकर आंबतं.

मग स्ट्रेप्टोकॉकस चांगला की वाईट?

हा प्रश्नच चुकीचा आहे. स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस दही लावतो. स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस घसा सुजवतो, ताप आणतो. दोघे एकाच कुळातले. दोघांच्या पेशीभोवती पेप्टिडोग्लायकनची कडक भिंत असते. जिवाणू वाढतो तेव्हा त्या भिंतीत नवे दुवे जोडावे लागतात. पेनिसिलिन हे दुवे जोडणारी एन्झाइम बंद पाडतं, भिंत कमकुवत होते आणि आतल्या दाबाने पेशी फुटते. माणसाच्या पेशींना अशी भिंत नसते, म्हणून त्या वाचतात. विषाणूलाही भिंत नसते. तो स्वतः वाढतही नाही, दुसऱ्याच्या पेशीत शिरून तिच्याकडून आपल्या प्रती काढून घेतो. भिंतच नाही तर पेनिसिलिन पाडणार काय? इतर काही अँटिबायोटिकं जिवाणूचे प्रथिनं बनवणारे रायबोसोम बंद पाडतात, तर विषाणूला स्वतःचे रायबोसोमही नसतात. साधी सर्दी, फ्लू, गोवर, डेंग्यू यांवर अँटिबायोटिक चालत नाही, ते यामुळे. ‘जरा स्ट्राँग द्या’ म्हटल्याने यात फरक पडत नाही.

चांगले जिवाणूही मरतात याचा पुरावा काय?

न लागलेलं दही. गाईच्या सडाला सूज आली की सडात पेनिसिलिन गटातलं औषध सोडतात. औषधाच्या लेबलवर लिहिलेल्या काळापर्यंत ते दूध विकायचं नसतं. ते चुकून चांगल्या दुधात मिसळलं, तर अगदी अल्प अंशही थर्मोफिलसला रोखायला पुरतो. दूध उकळून उपयोग नाही, कारण उकळल्याने पेनिसिलिन पूर्ण नष्ट होत नाही. सगळं रीतसर करूनही सकाळी भांड्यात गोड, पातळ दूध मिळतं.

दूध तपासण्याच्या एका प्रचलित चाचणीचं तत्त्व हेच आहे. त्यात जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस नावाचा निरुपद्रवी जिवाणू आणि जांभळा रंगद्रव भरलेला असतो. त्यात दुधाचा नमुना घालून ६४ अंशांच्या आसपास सुमारे तीन तास ठेवतात. जिवाणू वाढला तर आम्ल होतं आणि रंग पिवळा पडतो. रंग जांभळाच राहिला तर दुधात जिवाणूला रोखणारं काहीतरी आहे.

पण दही न लागण्याचा दोष दर वेळी अँटिबायोटिकवर ढकलू नका. आणखी एक गुन्हेगार असतो आणि तो विषाणू आहे. बॅक्टेरिओफाज, थोडक्यात फाज, हे जिवाणूंवर हल्ला करणारे विषाणू. ते माणसाला आजारी पाडत नाहीत, विरजणाला मात्र पाडतात. म्हणजे इथे बळी उपयुक्त जिवाणूचा जातो, आणि घातक जिवाणूवर सोडलेला फाज आपल्या कामाचाही ठरतो.

दोघांतला फरक तीन भांड्यांत कळतो. संशयित दूध आणि नेहमी व्यवस्थित लागणारं दुसरं दूध, दोन्ही उकळून ४२ अंशांपर्यंत निववा. पहिल्या भांड्यात संशयित दूध आणि नेहमीचं विरजण. दुसऱ्यात चांगलं दूध आणि तेच विरजण. तिसऱ्यात संशयित दूध आणि वेगळ्या ठिकाणचं ताजं विरजण. तिन्हींत दुधाच्या मानाने विरजणाचं प्रमाण सारखं ठेवा आणि भांडी एकाच उबेत सहा तास ठेवा.

फक्त दुसरं भांडं लागलं, तर दोष दुधात आहे. अँटिबायोटिकचा संशय धरा. भांड्यात राहिलेला जंतुनाशकही असा परिणाम करतो, त्यामुळे भांडी आधी नीट विसळून घ्या. फक्त तिसरं लागलं, तर दूध ठीक आहे आणि विरजण गेलं आहे. ते जुनं झालं असेल किंवा त्यात फाज शिरला असेल. फाज ठरावीक वाणालाच लागतो, म्हणून वेगळं विरजण बहुधा सुटतं. डेअऱ्या विरजणाचे वाण आलटूनपालटून वापरतात, त्यामागचं कारण हेच. विरजणातल्या फाजवर अँटिबायोटिक घालून मात्र काहीच साधणार नाही. फाज तसाच राहील आणि उरलेले जिवाणूही मरतील.

‘शरीराला औषधाची सवय झाली’ म्हणजे?

काहीच नाही. शरीराला सवय होत नाही, औषधाला न जुमानणारे जिवाणू उरतात आणि वाढतात. तो गुण ज्या जनुकांमुळे येतो, ती एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातात, निरुपद्रवीकडून घातकाकडेसुद्धा. उरलेल्या गोळ्या पुढच्या सर्दीला घेतल्या तर विषाणूला काही होत नाही, आतड्यातल्या जिवाणूंपैकी औषधाला न जुमानणारे मात्र उरतात.

रोग कसा पसरतो यावरून जंतू ओळखता येतो?

नाही. दूषित पाण्यातून कॉलऱ्याचा जिवाणू येतो आणि कावीळ आणणारा हिपॅटायटिस ए हा विषाणूही. हवेतून क्षयाचा जिवाणू पसरतो, तसा गोवराचा विषाणूही. डासामुळे डेंग्यूचा विषाणू येतो, तर मलेरियाचा परजीवी जिवाणूही नाही आणि विषाणूही नाही. मार्ग कळला की तो अडवायचा कसा हे कळतं, औषध कुठलं हे त्यावरून कळत नाही.

अँटिबायोटिक चालू असताना दही खावं?

खायला हरकत नाही, पण गोळीबरोबर नको. टेट्रासायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन यांना दह्यातलं कॅल्शियम आतड्यात धरून ठेवतं आणि औषध रक्तात कमी उतरतं. किमान दोन तासांचं अंतर ठेवा. काही औषधांना याहून जास्त लागतं, ते माहितीपत्रकात दिलेलं असतं. इतर गोळ्यांच्या बाबतीतही दही लगेच खाल्लं, तर त्यातले बरेचसे जिवाणू त्याच गोळीने मरतील.