ठिपक्यांमागचा चेहरा: नॉच फिल्टरची पार्श्वभूमी

गिरगावच्या आमच्या घरी आजोबांनी १९६० सालची वर्तमानपत्रांची कात्रणं जपून ठेवली आहेत. त्यातला एक फोटो ३०० डीपीआयला स्कॅन केला, तर चेहऱ्याआधी ठिपकेच डोळ्यांत भरले. छापखान्यातली काळी शाई एकतर लागते किंवा लागत नाही. करडी छटा तिला येत नाही. म्हणून फोटोचा ब्लॉक जाळीतून करत, आणि छटा लहानमोठ्या ठिपक्यांतून उभी राहत असे.

अशी जाळी चित्रातून वेगळी काढता येते, हे संगणकाच्या कितीतरी आधी कळलं होतं. जर्मनीत येनाला सूक्ष्मदर्शकांवर काम करणाऱ्या अर्न्स्ट आबे यांनी १८७३मध्ये दाखवलं की बारीक समांतर रेघांतून गेलेला प्रकाश भिंगामागे तेजस्वी ठिपक्यांच्या ओळीत विभागतो, आणि प्रतिमा त्या ठिपक्यांच्या प्रकाशातूनच पुन्हा जुळते. १९०६मध्ये पोर्टर यांनी तारेची जाळी ठेवून हाच प्रयोग केला. मागच्या ठिपक्यांपैकी एकच ओळ फटीतून जाऊ दिली, तर प्रतिमेतल्या एका दिशेच्या तारा नाहीशा होतात. चित्रातली नियमित जाळी तेवढीच गाळणाऱ्या आजच्या नॉच फिल्टरचं बीज मला इथेच दिसतं.

आकड्यांनी हे करायचं तर गणित फार होतं. १९६५मध्ये कूली आणि ट्यूकी यांनी चित्राला लहानमोठ्या लाटांत मोडणाऱ्या फूरिए रूपांतराची जलद रीत मांडली; १०२४ बिंदूंच्या ओळीसाठी गुणाकार सुमारे शंभरपट कमी झाले. मंगळाजवळून गेलेल्या मरिनर ६ या यानाच्या १९६९च्या चित्रांत असाच नियमित व्यत्यय होता. स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कोणती लाट किती ठळक हे दाखवणाऱ्या नकाशात, तो सुट्या चमकत्या बिंदूंच्या रूपात दिसतो.

आमच्या कात्रणाची जाळी इंचाला ६० ओळींची, ४५ अंशांत तिरकी. ३०० भागिले ६०, म्हणजे दर ५ पिक्सेलला एक ठिपका. १००० गुणिले १००० पिक्सेलचा तुकडा घेतला, तर स्पेक्ट्रमच्या मध्यापासून १००० भागिले ५, म्हणजे २०० घरांवर जाळीचं चमकतं शिखर हवं. तिरकेपणामुळे ते आडवं-उभं १४१ घरांवर येतं, चारही कोपऱ्यांकडे एकेक. फिके बिंदूही दिसावेत म्हणून तीव्रतेचा लॉग घेऊन पाहिल्यावर चारही तिथेच सापडली. त्यांच्याबाहेर मंद शिखरंही होती, कारण ठिपक्याला कडा असते.

जाळी घालवायला ही शिखरं पुसायची, पण मध्याच्या समोरासमोरची शिखरं ही जोडीच असते. एकच पुसलं, तर लाटांतून परत चित्र जुळवणाऱ्या उलट रूपांतरानंतर चित्र वास्तव आकड्यांत राहत नाही. शिवाय शिखरावर कडक काठाचं वर्तुळ ठेवून शून्य केलं, तर चेहऱ्याच्या कडांभोवती लाटा उमटतात. म्हणून काठ गाउसी वक्राने हळूहळू उतरवावा लागतो.

नॉच, म्हणजे शिखरावरचा पुसलेला भाग, किती मोठा ठेवायचा, हे मी वजाबाकी करून ठरवतो: मूळ चित्रातून गाळलेलं चित्र वजा करायचं आणि काय उरतं ते बघायचं. नुसती जाळी उरली तर ठीक. २० घरांच्या त्रिज्येला त्या वजाबाकीत कोटाची कॉलर स्पष्ट दिसली, म्हणजे फोटोचाच भाग कापला जात होता. ८ घरांवर आलो तेव्हा कॉलर फोटोत परतली.