वॉलेट भरलंय की महिन्याचा कोटा संपलाय?

यूपीआयमध्ये पैसे थेट बँक खात्यातून जातात, हे आता मंडईतल्या भाजीवाल्यालाही ठाऊक आहे. वॉलेटमध्ये मात्र पैसे आधी भरून ठेवावे लागतात. एवढा फरक पुरे.

गोंधळ होतो तो लहान, म्हणजे किमान केवायसीच्या वॉलेटात. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या निर्देशांनुसार त्यात एका वेळी जास्तीत जास्त १०,००० रुपये शिल्लक राहू शकतात, आणि एका महिन्यात जास्तीत जास्त १०,००० च भरता येतात. आकडा एकच, म्हणून लोक दोन्ही मर्यादा एकच समजतात. पण शिल्लक ही टाकीतल्या पाण्यासारखी, वापरली की कमी होते. भरणा म्हणजे नळाचं मीटर, ते मागे फिरत नाही.

समजा, ३ तारखेला वॉलेट रिकामं होतं. तुम्ही ६,००० भरले आणि तुळशीबागेत ५,५०० खर्चले. १४ तारखेला ४,००० भरले, तेही किराण्यात गेले. आता शिल्लक ५००. वीस तारखेला हजार भरायला जावं तर नकार! टाकी जवळपास रिकामी, पण मीटर १०,००० वर पोहोचलंय. इथे उरलेले पाचशे खर्चून काही होत नाही, पुढचा महिना लागेपर्यंत थांबावं लागतं.

उलट उदाहरण: मागच्या महिन्यातले ७,००० शिल्लक आहेत आणि १ तारखेला तुम्ही ५,००० भरता. या महिन्याचं मीटर शून्यावर, तरी नकार, कारण बेरीज १२,००० होते. इथे ३,००० भरले तर लगेच चालतात, किंवा आधी २,००० खर्चा आणि मग ५,००० भरा. म्हणून नकार आला की आधी शिल्लक बघा, मग वॉलेटच्या पासबुकात या महिन्याच्या भरण्यांची बेरीज करा. तेच बटण पाच वेळा दाबण्यात काय हशील?

अयशस्वी झालेल्या व्यवहाराचा परतावा मात्र मर्यादा ओलांडूनही जमा होतो. त्यामुळे शिल्लक १०,४०० दिसली तर घाबरू नका. वर्षाला १,२०,००० ही मर्यादा म्हणजे बारा महिन्यांची बेरीजच, ती वेगळी आडवी येत नाही.

पैसे पाठवण्याचं गणितच निराळं. लहान वॉलेटातून मित्राला ५० रुपयेही जात नाहीत, कारण ते फक्त खरेदीसाठी असतं. ‘आधार नंबर टाकला होता की!’ हे वाक्य ऐकून कान किटले. नुसता नंबर टाकणं म्हणजे स्वतःचं निवेदन, पूर्ण केवायसी नव्हे. ती समोरासमोर किंवा व्हिडिओवर होते. झाली की शिल्लक मर्यादा २,००,००० आणि पैसेही पाठवता येतात. पण ज्याला आधी लाभार्थी म्हणून नोंदवलेलं नाही, त्याच्यासाठी महिन्याला १०,००० हीच सीमा. घरभाडं पाठवायचं असेल तर मालकांना आधी नोंदवून घ्या. मग त्यांच्यासाठीची सीमा महिन्याला २,००,००० पर्यंत जाऊ शकते.