मॉडेलच्या आतलं सर्किट: शोध कुठवर आला?

रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२४ मध्ये वित्तक्षेत्रातल्या एआयच्या वापरासाठी एक समिती नेमली. अध्यक्ष होते आयआयटी मुंबईचे प्रा. पुष्पक भट्टाचार्य. ऑगस्ट २०२५ च्या अहवालात या समितीने सात सूत्रं मांडली. त्यातल्या एका सूत्रानुसार यंत्रणा घडवतानाच ती समजण्याजोगी असली पाहिजे. मुंबईत बँकांमध्ये काम करणारी माझी मित्रमंडळी यावरून एकच गोष्ट विचारतात: मॉडेलने अमुक उत्तर का दिलं, हे त्याच्या आत बघून सांगता येतं का? काही बाबतीत येतं. पण ‘काही’ म्हणजे किती, हे कळायला एका सर्किटचा इतिहास सविस्तर बघावा लागतो.

सर्किट म्हणजे मॉडेलच्या आतले, एखादं काम मिळून करणारे भाग आणि त्यांच्या जोडण्या. हा शब्द या अर्थाने रुळला तो २०२० च्या सुमारास. संशोधक क्रिस ओला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रं ओळखणारं एक नेटवर्क घेऊन त्यातला एकेक न्यूरॉन, म्हणजे आकडेमोड करणारा छोटा घटक, तपासला. खिडक्या, गाडीचा सांगाडा आणि चाकं ओळखणारे न्यूरॉन एकत्र येऊन पुढच्या थरात ‘गाडी’ ओळखणारा न्यूरॉन कसा बनतो, हे त्यांनी दाखवलं. त्याच नेटवर्कमध्ये त्यांना मांजराच्या चेहऱ्याला आणि गाडीच्या पुढच्या भागालाही प्रतिसाद देणारा एक न्यूरॉन सापडला. एका न्यूरॉनचा एकच अर्थ असेल, ही आशा तिथेच डळमळली.

भाषेच्या मॉडेलमध्ये पूर्ण वर्तनाचं सर्किट सापडल्याचं पहिलं ठळक उदाहरण नोव्हेंबर २०२२ चं. केविन वांग आणि चार सहकाऱ्यांनी जीपीटी-२ स्मॉल हे छोटं मॉडेल निवडलं. आज ते साध्या लॅपटॉपवरही चालतं. त्याला अशी वाक्यं दिली:

```
When Mary and John went to the store, John gave a drink to
```

पुढचा शब्द Mary. वाक्यात दोन नावं असतात, त्यातलं एक दुसऱ्यांदा येतं आणि उत्तर असतं ते दुसऱ्यांदा न आलेलं नाव. अशा एक लाख वाक्यांपैकी ९९ टक्क्यांहून जास्त वेळा मॉडेलने बरोबर नावालाच झुकतं माप दिलं. प्रश्न होता, कसं?

या मॉडेलमध्ये १२ थर आहेत आणि प्रत्येक थरात १२ अटेन्शन हेड, म्हणजे एकूण १४४. वाक्यातल्या एखाद्या शब्दापाशी असताना मागच्या कोणत्या शब्दाकडे बघायचं आणि तिथून कोणती माहिती उचलायची, हे हेड ठरवतो. शोध शेवटाकडून सुरुवातीकडे घेतला गेला. मूळ वाक्यासारखंच, पण तीन वेगवेगळी नावं असलेलं दुसरं वाक्य मॉडेलला द्यायचं. त्या वेळी एका हेडने जे काढलं, ते पहिल्या वाक्याच्या वेळी त्याच हेडच्या जागी बसवायचं. मग Mary ची John वरची आघाडी किती घटते ते मोजायचं. घट मोठी असेल तर तो हेड कामाचा. मग त्या हेडला माहिती पुरवतं कोण, हे शोधायला आणखी मागे जायचं.

यातून जी साखळी उलगडली तिचा मुख्य भाग असा. सुरुवातीच्या थरांतले काही हेड दुसऱ्या John पाशी ‘हे नाव आधी येऊन गेलंय’ अशी नोंद करतात. मधल्या थरांतले चार हेड वाक्याच्या शेवटच्या to पाशी ती नोंद उचलतात आणि पुढच्या हेडना John पासून परावृत्त करतात. शेवटाजवळचे हेड मागच्या नावांकडे बघतात. John कडे बघणं दबलेलं असल्यामुळे त्यांना Mary दिसते आणि तेच नाव ते उत्तरात उतरवतात. सगळे मिळून २६ हेड, त्यांच्या कामांचे सात प्रकार. वर्गात मी हे फळ्यावर काढतो तेव्हा मुलांना अगदी स्वच्छ वाटतं, आणि इथवर ते स्वच्छ आहेही.

पुढची तपासणी जास्त महत्त्वाची. या २६ हेडव्यतिरिक्त बाकी सगळ्यांचं काम सरासरी मूल्यावर गोठवलं, तरी मूळ आघाडीच्या सुमारे ८७ टक्के शिल्लक राहते. आकडा चांगला आहे. पण संशोधकांनी उलटंही करून पाहिलं. नाव उतरवणारे मुख्य हेड त्यांनी बंद केले. उत्तर कोसळायला हवं होतं, प्रत्यक्षात आघाडी अवघी ५ टक्क्यांनी घसरली. एरवी या कामात फारसे न दिसणारे दुसरे हेड पुढे सरसावले आणि तेच काम करू लागले. नुसतं ‘काढून बघितलं, फरक पडला नाही’ एवढ्यावर जो थांबला असता, त्याने सर्वांत महत्त्वाचे हेड निरुपयोगी ठरवले असते. याशिवाय बरोबर नावाच्या विरोधात काम करणारे हेडही त्यांना सापडले.

८७ या आकड्याबद्दलही सावध राहावं लागतं. २०२४ मध्ये जोसेफ मिलर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सर्किटबाहेरचे भाग कसे गोठवायचे, म्हणजे सरासरीवर की दुसऱ्या वाक्यातल्या मूल्यावर, सबंध हेड की हेडमधल्या जोडण्या, यावर असे गुण मोठ्या प्रमाणात बदलतात. म्हणजे तो आकडा सर्किटइतकाच मोजणाऱ्याच्या निवडीबद्दलही बोलतो. माझ्या मते या क्षेत्रातली ही सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे.

हाच प्रयोग मराठीत करून बघू, असं मुंबईतल्या विद्यार्थ्यांना हमखास सुचतं. तो जसाच्या तसा उचलता येत नाही. मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत वाचतं त्यांना टोकन म्हणतात, आणि मूळ प्रयोगात एकाच टोकनात मावणारी नावंच घेतली होती. जीपीटी-२ मात्र देवनागरी मजकूर बाइटच्या तुकड्यांत फोडतं, त्यामुळे ‘सुनीता’ हे एक नाव अनेक टोकनवर पसरतं आणि नाव उचलून ठेवणं हे एका हेडचं एका पावलातलं काम राहत नाही. शिवाय ‘राजूने सुनीताला सरबत दिलं’ हे वाक्य नावापाशी संपत नाही. मराठी येणारं मॉडेल घेऊन वाक्यांचा साचा नव्याने बांधावा लागेल आणि हेडही पहिल्यापासून शोधावे लागतील. एका साच्यासाठी सापडलेलं सर्किट त्या साच्याबाहेर आपोआप पोचत नाही.

हाताने शोधण्याची ही पद्धत मोठ्या मॉडेलना झेपेना. मांजर आणि गाडी यांच्या त्या गुंत्यावर २०२२ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीच्या गटाने स्पष्टीकरण मांडलं: मॉडेल न्यूरॉनच्या संख्येपेक्षा जास्त संकल्पना एकमेकींवर रचून साठवतं. २०२३ पासून त्या सुट्या करणारी वेगळी छोटी नेटवर्क आली. मे २०२४ मध्ये अँथ्रॉपिकच्याच क्लॉड ३ सॉनेट या मॉडेलमधून अशा लाखो सुट्या संकल्पना, म्हणजे वैशिष्ट्यं, काढली गेली. पण उपयोगाच्या कसोटीवर चित्र संमिश्र होतं. गुगल डीपमाइंडच्या गटाने मार्च २०२५ मध्ये जाहीर केलं की घातक हेतूचे प्रश्न ओळखण्याच्या कामात या पद्धतीपेक्षा साधं रेषीय वर्गीकरण सरस ठरलं, आणि त्यांनी या दिशेचा भर कमी केला.

त्याच महिन्यात अँथ्रॉपिकने सुट्या वैशिष्ट्यांमधून उत्तरापर्यंतची वाट आखणारी पद्धत मांडली. ३६ + ५९ या बेरजेत एक वाट अंदाजे उत्तर काढते, दुसरी एकक स्थानचा अंक नेमका ठरवते आणि दोन्ही मिळून ९५ येतं, असं त्यात दिसलं. मॉडेलला विचारलं तर ते शाळेतली हातच्याची रीत सांगतं. त्याच संशोधकांनी हेही लिहिलं की तपासलेल्या प्रश्नांपैकी सुमारे चौथ्या भागातच समाधानकारक उलगडा होतो. शिवाय या पद्धतीत हेड कुठे बघतात ते आधीच गोठवलेलं असतं. त्यामुळे कोणती माहिती पुढे गेली हे दिसतं, पण अमुक हेडने अमुक शब्दाकडेच का बघितलं, हे ती आखणी सांगत नाही. John कडे बघणं का दबलं, हे तर २०२२ च्या त्या २६ हेडच्या सर्किटने सांगितलं होतं. मोठ्या मॉडेलमध्ये ‘कुठे बघायचं’ याचाही माग काढण्याचं काम २०२५ मध्येच सुरू झालं आहे.