सीमाभागातील द्विभाषिक डिझाइन काम

लग्नपत्रिका, दुकानाचे बॅनर आणि सणांच्या शुभेच्छांची चित्रे मोफत सॉफ्टवेअरवर तयार करून देण्याचा हा घरगुती व्यवसाय आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत त्याचे वेगळेपण दोन लिप्यांमुळे येते. मजकूर देणाऱ्या घरात मराठी बोलली जात असली, तरी पाटी कर्नाटकातल्या रस्त्यावर लागते. त्यामुळे इथल्या डिझायनरला देवनागरी आणि कन्नड एकाच चौकटीत नीट बसवता आली पाहिजे. कामाची खरी कसोटी दुकानाच्या पाटीवर लागते, म्हणून पुढील विवेचनात तिलाच जास्त जागा दिली आहे.

कन्नड भाषा सर्वंकष विकास कायद्यात 2024 साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार व्यापारी आस्थापनांच्या नामफलकावर 60 टक्के भाग कन्नडचा हवा आणि तो वरच्या बाजूला हवा. नवखा माणूस मराठी नाव मोठे करून मधोमध ठेवतो आणि उरलेल्या फटीत कन्नड कोंबतो. मग छापलेला फ्लेक्स वाया जातो. गणित आधी केले तर ही वेळ येत नाही.

समजा, खानापुरातल्या कापड दुकानाला 10 फूट रुंद आणि 4 फूट उंच पाटी हवी आहे. उंची 48 इंच, तिचे 60 टक्के म्हणजे साधारण 29 इंच. वरचा एवढा पट्टा कन्नडला दिला की खाली 19 इंच उरतात. त्यात मराठी नाव, गल्लीचा पत्ता आणि फोन नंबर बसवायचा. दहा इंच उंचीचे अक्षर साधारण शंभर फुटांवरून आरामात वाचता येते. म्हणजे मराठी नाव दहा इंचांचे केले तरी समोरच्या फुटपाथवरून ते स्पष्ट दिसते, आणि पत्ता-फोनला नऊ इंच राहतात. त्यातले काही मोकळे सोडावेत. गिऱ्हाईक मात्र हमखास म्हणते, ‘एवढी जागा रिकामी का सोडली?’

हे काम इंकस्केप या सॉफ्टवेअरवर करावे. ते मोफत आहे, दोन्ही लिप्यांची जोडाक्षरे बरोबर जुळवते आणि त्यातले चित्र रेषांचे असल्याने कितीही मोठे केले तरी फाटत नाही. कॅनव्हा शुभेच्छांसाठी सोयीचे आहे, पण दहा फुटांच्या पाटीसाठी तोकडे पडते. पानाचे माप थेट 120 गुणिले 48 इंच ठेवावे. पीडीएफच्या पानाला 200 इंचांची मर्यादा मानली जाते, म्हणून वीस फुटांची पाटी निम्म्या मापात करून फ्लेक्सवाल्याला तसे लिहून द्यावे.

फॉन्ट निवडताना एकाच घराण्यातले दोन घ्यावेत, नाहीतर पाटी दोन वेगळ्या दुकानांची वाटते. गुगल फॉन्ट्सवर `Baloo 2` देवनागरीसाठी आणि `Baloo Tamma 2` कन्नडसाठी आहे. `Anek Devanagari` आणि `Anek Kannada` ही दुसरी जोडी. दोन्ही मुक्त परवान्याची आहेत, धंद्याच्या कामात चालतात. फॉन्टच्या मापाचा आकडा सारखा ठेवून भागत नाही, अक्षरांची उंची डोळ्याने जुळवावी लागते. कन्नडमध्ये जोडाक्षराचा अर्धा भाग ओळीखाली लोंबतो. दोन ओळींत अंतर कमी पडले तर तो खालच्या अक्षरात घुसतो, आणि कन्नड न येणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही. म्हणून छपाईआधी कन्नड वाचणाऱ्या कुणाच्या तरी नजरेखालून पाटी घालावी. ते काम फुकट करून घेऊ नये, त्याचे पैसे अंदाजपत्रकात धरावेत.

फाइल पाठवण्याआधी सगळा मजकूर निवडून `Path > Object to Path` करावे. अक्षरांच्या आकृत्या होतात आणि फ्लेक्सवाल्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला तरी बिघडत नाही. हे विसरले तर ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर बसते, जोडाक्षरे सुटतात आणि हलन्त उघडे पडतात. आकृत्या झालेला मजकूर पुन्हा टाइप करून बदलता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळ्या नावाने जपावी. मालकाचा फोटो दोन फूट उंच छापायचा तर तो किमान 1,700 पिक्सेल उंच हवा. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान होतो. तो डॉक्युमेंट म्हणून मागवावा.

पत्रिकेत अडचण उलट दिशेने येते. छापखान्याकडून किंवा घरातल्या कुणाकडून आलेला मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला असतो आणि आपल्याकडे उघडताच अनोळखी खुणांची रांग दिसते. तो दुरुस्त करत बसण्यापेक्षा पुन्हा टाइप करणे लवकर होते. तसेच ‘वऱ्हाडी’, ‘दुसऱ्या’ यांतला अर्धा र साध्या र ऐवजी ऱ वापरून टाइप करावा, नाहीतर त्याचा रफार होतो. निमंत्रकांच्या नावांचा क्रम घरातल्या वडीलधाऱ्यांकडून लेखी घ्यावा. तो क्रम ठरवणे डिझायनरचे काम नाही.

पहिल्या कामाचा दर ठरवताना छपाई आणि डिझाइन हे दोन आकडे वेगळे लिहावेत. बरेच फ्लेक्सवाले ‘छपाईवर डिझाइन फुकट’ देतात, त्यामुळे एकत्र आकडा सांगितला की गिऱ्हाईक तो फ्लेक्सच्या दराशी ताडून पाहते. वरचेच उदाहरण घेऊ. मजकूर गोळा करायला अर्धा तास, डिझाइनला अडीच, दोन दुरुस्त्यांना एक आणि शेवटच्या फाइलला अर्धा, असे साडेचार तास. तासाला शंभर रुपये धरले तर 450 रुपये, कन्नड तपासणीचे 50, एकूण 500. छपाईचा दर समजा चौरस फुटाला 15 रुपये आहे. पाटी लोखंडी चौकटीवर ताणायची तर चारही बाजूंना तीन-तीन इंच जादा फ्लेक्स लागतो, म्हणजे माप साडेदहा गुणिले साडेचार होते. ते 47.25 चौरस फूट, आणि खर्च 40 फुटांच्या 600 रुपयांऐवजी सुमारे 709. हा शंभराचा फरक आधी न धरल्यास तो मेहनतान्यातून जातो. आगाऊ रकमेत छपाईचा पूर्ण खर्च आणि डिझाइनचे निम्मे, इथे सुमारे 960 रुपये, घ्यावेत.

कर्नाटकाने 2016 च्या अधिसूचनेत प्लास्टिकचे बॅनर आणि फ्लेक्सही बंदीत धरले आहेत, म्हणून ऑर्डर घेतानाच कापडी छपाईचा पर्याय आणि दर सांगून ठेवावा. पाटी रस्त्यालगत लागणार असेल तर स्थानिक संस्थेची परवानगी काढणे दुकानदाराचे काम, हेही तेव्हाच बोलून घ्यावे.

शुभेच्छाचित्रांना तासाचा हिशेब लागू पडत नाही. गुढीपाडवा आणि युगादी एकाच दिवशी येतात, त्यामुळे एकच चित्र दोन्ही भाषांत करता येते. 1080 गुणिले 1080 पिक्सेलचा एक साचा करून दुकानांची नावे आणि फोन बदलत गेले की दुसऱ्या चित्राला दहाच मिनिटे लागतात. पहिल्या चित्राचा दर पूर्ण सांगावा, नाव बदलून दिलेल्या प्रतीला त्याच्या पाचव्या हिश्शाएवढा घ्यावा. ओळखीतल्याला सूट द्यायची तर बिलावर आधी पूर्ण रक्कम लिहून मग वजा करावी. नाहीतर पुढच्या सणाला तो मागच्या वेळी दिलेली रक्कमच दर म्हणून सांगतो. बदलता येणारी मूळ फाइल कुणी मागितली तर तिचा आकडा वेगळा असतो, आणि तो पहिल्याच बोलण्यात ठरवून घ्यावा.