आधी नकार (पत्रव्यवहार)

मागणी मान्य होणार नसेल तर उत्तराच्या पहिल्याच वाक्यात तसे सांगायचे आणि कारण, नियम, पुढचा मार्ग हे सगळे त्यानंतर लिहायचे, अशी पत्रलेखनाची पद्धत. मराठीत ती मुद्दाम पाळावी लागते, कारण आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि ‘नाही’ तर त्याच्याही मागून. वाक्य लांबले की नकार तितकाच लांब जातो.

सरकारी पत्रांत हे ठळक दिसते. ‘उपरोक्त संदर्भीय विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की’ अशी सुरुवात होते, मग अर्जाची तारीख, अभिलेखाची पडताळणी, अधिनियमाचे कलम, एखादे परिपत्रक, आणि सातव्या-आठव्या ओळीत ‘सबब, सदर माहिती पुरविता येत नाही’. सरावलेला माणूस असे पत्र हाती आले की आधी ‘सबब’ शोधतो. ज्याला सराव नाही, तो ‘पडताळणी करण्यात आली’ एवढे वाचून काम चालू आहे असे समजतो.

ही गैरसमजूत महागात पडते ती माहिती अधिकार अधिनियम, २००५ खालच्या उत्तरांत. कलम ७(८) प्रमाणे अर्ज फेटाळताना जन माहिती अधिकाऱ्याने तीन गोष्टी कळवायच्या असतात: नाकारण्याची कारणे, अपिलाची मुदत आणि अपिलीय प्राधिकाऱ्याचा तपशील. नकार पत्रात कुठे असावा, याबद्दल कलम काही सांगत नाही. मात्र पहिल्या अपिलाचे ३० दिवस उत्तर हाती पडल्यापासून मोजले जातात. पत्र ३ मार्चला मिळाले असेल तर मुदत २ एप्रिलला संपते. ‘अजून कळवतील’ म्हणून वाट पाहणाऱ्याचे दिवस त्यातच जातात. पुरेसे कारण दाखवल्यास उशीर माफ होऊ शकतो, पण ‘पत्र समजले नाही’ हे सिद्ध करत बसण्याची वेळ त्याच्यावर येते.

एक कल्पित अर्ज घेऊ. गावच्या रस्त्याच्या डांबरीकरणाबाबत तीन कागद मागितले आहेत: कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची प्रत आणि ठेकेदाराने दिलेले दरपृथक्करण. कार्यालय पहिले दोन देणार आहे, तिसरा नाही. उत्तराचा आरंभ असा होऊ शकतो:

‘आपण मागितलेल्या तीन कागदांपैकी ठेकेदाराचे दरपृथक्करण देता येत नाही. कार्यादेश व मोजमाप पुस्तिका यांच्या १४ पानांच्या प्रती, पानाला २ रुपये याप्रमाणे २८ रुपये भरल्यावर मिळतील.’

त्यानंतर कलम ८(१)(घ), म्हणजे व्यापारी गोपनीयता. नुसता कलमाचा आकडा म्हणजे कारण नव्हे. हा कागद उघड झाला तर ठेकेदाराच्या स्पर्धेतील स्थानाला कशी बाधा येईल, आणि व्यापक लोकहितासाठी तो देणे गरजेचे का वाटले नाही, हे लिहावे लागते. शेवटी अपिलीय अधिकाऱ्याचे पद, पत्ता आणि ३० दिवसांची मुदत. अर्धा होकार असेल तेव्हा लिहिणाऱ्याला होकार आधी सांगण्याचा मोह होतो. पण मग वाचणारा १४ पानांच्या आनंदात तिसरा कागद विसरतो.

‘माहिती उपलब्ध नाही’ हे वाक्य या पद्धतीचे सोंग आहे. नकार पहिल्या ओळीत असतो खरा, पण तो कशाचा ते कळत नाही. कागद मुळात तयारच झाला नाही, जतनाची मुदत संपल्याने नष्ट केला, की शोधूनही सापडत नाही? पहिल्या बाबतीत देण्यासारखे काही नाही. दुसऱ्यात नष्ट केल्याची नोंद मागता येते. तिसरी बाब तर अधिनियमातल्या अपवादांत बसतच नाही. एके काळी कार्यालयात असलेला कागद सापडत नाही म्हणाल तर कसून शोध घ्या आणि जबाबदारी निश्चित करा, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले. म्हणून यातले नेमके काय झाले, ते पहिल्या वाक्यातच यायला हवे.

अर्ज दुसऱ्या कार्यालयाचा असल्याने कलम ६(३) खाली पाच दिवसांत तिकडे पाठवला, तर तो नकार नव्हे आणि तसा लिहूही नये. ‘आपला अर्ज तहसील कार्यालयाकडे पाठवला आहे’ एवढेच पुरे.

नकाराआधी गोड प्रस्तावना असावी, असे अमेरिकी व्यापारी पत्रलेखनाची पाठ्यपुस्तके बराच काळ शिकवत आली. किटी लॉकर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा प्रस्तावनेचा वाचकावर विशेष अनुकूल परिणाम दिसला नाही. आपल्याकडे स्थळाला ‘पत्रिका जुळत नाही’ असे कळवतात. त्यातले कारण खरे असेलच असे नाही, पण मुलीच्या वडिलांना दुसरे स्थळ बघायला लागा, हे त्या तीन शब्दांत कळते. सरकारी कागदाला मात्र तेवढे पुरत नाही, कारण तिथे दिलेल्या कारणावर अपील होते.